चार-दहाचा तंबोरा

आमच्या घरी मिरजेत तंबोरे बनतात. ऑनलाइन विक्रीचं काम माझ्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी पुरुषी सुराचा एक तंबोरा विक्रीला टाकला, तेव्हा नागपूरहून एका गायन शिक्षिकेचा फोन आला. "अहो ताई, पुरुषी सूर म्हणता आणि लांबी १२५ सेमी? आणि रुंदी ५४ इंच? मग हा दारातून आत कसा येणार?"

मी वही काढली. सासऱ्यांनी लांबी "४.१०" लिहिली होती. कारखान्यात सगळे "चार-दहा" म्हणतात, म्हणजे चार फूट दहा इंच. मी ते ४.१० फूट समजून सेंटिमीटर काढले, १२५ आले. खरं तर चार फूट दहा इंच म्हणजे ५८ इंच, आणि २.५४ ने गुणले की १४७ सेमी. बावीस सेंटिमीटरचा फरक! तेवढ्याने तंबोरा बायकी मापाचा वाटतो आणि पिशवीही लहान येते. वजनाचंही तेच झालेलं. "४ किलो ५०" म्हणजे ४०५० ग्रॅम, मी टाकले होते ४.५० किलो.

५४ इंच ही रुंदी नव्हतीच, तो भोपळ्याचा घेर होता. आमच्याकडे भोपळा घेरावरूनच ओळखतात, पण फॉर्ममध्ये घेराचा रकाना नाही, म्हणून मी तो आकडा रुंदीत भरला. घेराला ३.१४ ने भागूनही नेमकी रुंदी मिळत नाही, कारण पुढून तबली म्हणजे लाकडी झाकण बसवलेलं असल्यामुळे भोपळा पूर्ण गोल राहत नाही. शेवटी तंबोरा भिंतीला आडवा टेकवला, दुसऱ्या अंगाला फळी उभी केली आणि भिंत ते फळी अंतर मोजलं. ४५ सेमी भरलं.

मग सगळी माहिती पुसून नव्याने लिहिली, लांबी-रुंदी फक्त सेंटिमीटरमध्ये आणि वजन फक्त ग्रॅममध्ये. ग्रॅम यासाठी की त्यात टिंब येत नाही, आणि आमचा घोळ टिंबानेच केला होता. घेर वर्णनात वेगळा दिला, "भोपळ्याचा घेर १३७ सेमी" असा. पेटीची मापं आणि पेटीसकट वजन वेगळ्या ओळीत, त्याच एककात. शीर्षकातलं इंचांतलं माप काढलं. फोटोही बदलावा लागला, कारण त्यात टेपची इंचांची बाजू वर होती.

आता माप घेताना मी टेपची सेमीची बाजूच धरते, वहीतला आकडा बदलून लिहीत नाही. नंतर मात्र उलटा हिशोब करून वहीशी ताडते. १४७ ला २.५४ ने भागलं की ५७.९ येतात, म्हणजे अठ्ठावन्न, म्हणजे चार-दहा. एखादा इंच इकडेतिकडे झाला तर पुन्हा टेप लावते, कारण कधी लांबी दांडीच्या टोकापासून भोपळ्याच्या बुडापर्यंत न घेता, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीपर्यंतच घेतलेली असते.

सासरे वहीत आता "४ फूट १० इंच" असं पूर्ण लिहितात. बोलताना अजून चार-दहाच म्हणतात.