मागच्या रांगेतला टोकाचा

स्मरणिकेत शाळेचे जुने वर्गफोटो छापायचे म्हटले, की प्रत्येक चेहऱ्याखाली नाव हवे. बहुतेक नावे एका संध्याकाळी लागतात. अडते ते आवळेजावळ्यांपाशी. दांडिया बाजारातल्या एका घरातले दोघे भाऊ एकाच वर्षी दहावीला होते, थोरला ‘अ’ तुकडीत आणि धाकटा ‘ब’ तुकडीत. हाती आलेल्या फोटोत मागच्या रांगेत अगदी डावीकडे त्यांच्यापैकी एकच उभा आहे. फोटोचा पुठ्ठा कधीच गेला, त्याबरोबर खालची नावेही गेली. माजी विद्यार्थी म्हणून आठवणी लिहिण्यापेक्षा हा एक चेहरा कसा ओळखला ते सांगणे जास्त उपयोगी, कारण असा एखादा फोटो प्रत्येकाच्या घरात निघतो.

फोटो आधी घरच्यांनाच दाखवला. आजी म्हणाल्या, “धाकटाच हा. भांग बघ ना कुठल्या बाजूला आहे.” काकांनी मान हलवली. “छे, थोरला. गाल बघा की, गोल आहेत.” लहानपणापासून दोघांना अंगाखांद्यावर खेळवलेली ही माणसे, आणि तरी मते दोन.

यात नवल नाही. घरातली माणसे जुळ्यांना ओळखतात ती बहुतेक चालीवरून, आवाजावरून आणि हसायला सुरुवात कशी होते त्यावरून. यातले काहीच फोटोत येत नाही. फोटोत येतो सेकंदाचा साठावा-शंभरावा भाग, तोही ‘हलू नका’ म्हटल्यावरचा. दुसरे म्हणजे ‘गोल चेहऱ्याचा तो थोरला’ ही खूण तुलनेची आहे. दोघे शेजारी उभे असले की ती चालते. एकटाच समोर आला की ‘गोल’ कोणापेक्षा, हा प्रश्न सुटत नाही. मग प्रत्येक जण मनातल्या दुसऱ्या चेहऱ्याशी ताडून पाहतो, आणि मनातला चेहरा तर हवा तसा बदलतो. खुद्द जुळेसुद्धा स्वतःच्या लहानपणच्या फोटोत चुकतात, ते याचमुळे.

काकांची खूण आधी घेऊ. मागच्या रांगेत बारा मुले आहेत. एकेकाला ४० सेंटिमीटर धरले तर रांग पावणेपाच मीटरच्या आसपास होते. एवढी रांग ३५ मिलिमीटरच्या लेन्सने घ्यायची तर कॅमेरा सव्वापाच मीटरवर येतो. अशा फोटोत मधली डोकी बरोबर येतात, पण कडेची डोकी आडवी ताणली जातात, कारण तिथे प्रकाश फिल्मवर तिरका पडतो. अगदी टोकाच्या मुलाचे डोके साधारण आठ टक्के रुंद दिसते. जुळ्यांच्या गालांतला फरक यापेक्षा मोठा असेल असे मला वाटत नाही. तेव्हा टोकाच्या मुलाच्या गोल गालांवरून कोणताही निकाल देऊ नये. त्याच रांगेतल्या दुसऱ्या टोकाचा मुलगा पाहा, तोही जाड वाटतो.

आता आजींची खूण, आणि खरी गंमत इथेच आहे. एका बीजाच्या जुळ्यांपैकी काही जोड्या आरशातल्यासारख्या असतात. एकाचा भोवरा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, दुसऱ्याचा उलटा. त्यामुळे केसांचा कलही उलट आणि भांगही. हे दोघे तसेच. थोरल्याचा भांग त्याच्या डाव्या बाजूला, धाकट्याचा उजव्या. फोटोतल्या मुलाचा भांग त्याच्या उजव्या बाजूला आहे, म्हणून आजी म्हणतात धाकटा. त्यांचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. फक्त फोटो सरळ छापलेला आहे, हे त्यांनी गृहीत धरले.

फिल्मला दोन बाजू असतात, एक चकचकीत आणि एक मंद. मंद बाजूला रसायनाचा थर असतो. छापताना हा थर कागदाकडे यावा लागतो. फिल्म उलटी बसली तर फोटो स्वच्छ येतो, कुठेही अस्पष्ट दिसत नाही, फक्त डावे-उजवे बदलते. साधा चेहरा उलटा छापला तर ओळखीच्यांना काहीतरी खटकते एवढेच. पण आरशासारख्या जुळ्यांत एकाचा उलटा फोटो म्हणजे जवळजवळ दुसऱ्याचाच फोटो होतो!

म्हणून चेहऱ्याकडे पाहण्याआधी शर्टाकडे पाहावे. मुलांच्या गणवेशाचा खिसा डाव्या छातीवर असतो. बिल्ला किंवा पाटीवर अक्षर असेल तर ते उलटे दिसेल, मनगटी घड्याळ बहुतेकांच्या डाव्या हातात असते. या फोटोत रांगेतल्या सगळ्या मुलांचे खिसे उजव्या छातीवर आहेत. एखाद्याने उलटा शर्ट शिवून घेतला असेल, पण सगळ्या वर्गाने नाही. म्हणजे फोटो उलटा छापलेला. सरळ केला की भांग डावीकडे जातो आणि मुलगा थोरला ठरतो. शिवाय तो आता डाव्या टोकाला नाही, उजव्या टोकाला येतो.

इथेच थांबणे मात्र घाईचे. फोटोच्या दिवशी आईने तेल लावून भांग दुसरीकडे पाडला असेल तर? थोरल्याच्या डाव्या गालावर तीन मिलिमीटरचा तीळ आहे, जन्मापासूनचा. तो सापडला तर काम झाले. पण हिशेब पाहा. दोन्ही कडांची मोकळी जागा धरून पाच मीटरपेक्षा जास्त रुंदी फिल्मच्या ३६ मिलिमीटर रुंद चौकटीवर उतरली, म्हणजे सगळे दीडशेपट लहान झाले. चेहरा एक मिलिमीटर, तीळ मिलिमीटरचा पन्नासावा भाग. दहा इंची छपाईत तो ०.१४ मिलिमीटरचा होतो आणि ६०० डीपीआयला स्कॅन केल्यावर जेमतेम तीन पिक्सेल. जुन्या अंकात छापलेला फोटो तर यासाठी बादच, कारण तिथे छपाईचा एकेक ठिपकाच तिळापेक्षा मोठा असतो.

गालावर एक काळा ठिपका दिसतो खरा. पण फिल्मच्या थराला भोक पडले तरी छापताना तिथे काळाच ठिपका उमटतो. (धूळ मात्र पांढरी दिसते.) भोकाची कड तीक्ष्ण आणि रंग गडद काळा, तीळ मऊ कडेचा, करडा. तीन पिक्सेलमध्ये हा भेद करता येत नाही. आणि घरात असलेला स्टुडिओतला मोठा फोटो तुलनेला घेतला तर वेगळीच अडचण. त्या काळी स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून तीळ, पुटकुळ्या घालवून टाकत. त्या फोटोत तीळ नसणे हा पुरावाच नव्हे. खुणेची तारीखही बघावी लागते. धाकट्याच्या भुवईवरची जखमेची खूण दहावीनंतरची आहे, तेव्हा ती इथे नसण्याला काही अर्थ नाही.

शेवटी चेहरा बाजूला ठेवून शेजारच्या मुलांकडे पाहिले. त्याच्या बाजूला उभे असलेले तिघे ‘अ’ तुकडीतले, आणि त्यांच्याविषयी कोणाचाच वाद नाही. खुर्चीवर मधोमध बसलेल्या बाई त्या वर्षी ‘अ’च्या वर्गशिक्षिका होत्या. भांग आणि शेजार एकाच बाजूला कलले. आजींना सरळ केलेला फोटो दाखवला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं बाई, हा तर थोरला.”

स्मरणिकेत फोटो सरळ करून छापला आहे. ज्यांच्या घरी जुनी प्रत असेल त्यांनी तिच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, अजिबात न दाबता, एवढेच लिहावे: ‘उलटी छपाई. मागची रांग, डावीकडून पहिला: थोरला, अ तुकडी.’ बॉलपेन वापरू नये, त्याचा वळ पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो.