आठवडा १२ : बीएमआय दोघांचाही २६.३, मग सहा किलो चरबी कुठे गेली?

या वेळी नोंद फक्त माझी नाही. व्यायामातला जोडीदारही सोबत आहे, कारण शनिवारी आम्ही दोघांनी बीएमआय काढला आणि दोघांचाही आकडा २६.३ निघाला. आरशासमोर एकत्र उभे राहिलो तर हा आकडा एकाच गटातल्या दोन माणसांचा आहे असं कोणीही म्हणणार नाही. म्हणून रविवारी सकाळी उपाशीपोटी टेप काढली आणि दोघांचीही मापं पद्धतशीर घेतली.

मी १७० सेंमी उंच, वजन ७६ किलो. तो १७८ सेंमी, ८३.३ किलो. उंचीचा वर्ग मीटरमध्ये माझा २.८९ आणि त्याचा ३.१७. वजनाला या वर्गाने भागलं की दोन्हीकडे २६.३.

चरबीच्या टक्केवारीसाठी हॉजडन आणि बेकेट यांनी १९८४ साली अमेरिकी नौदलासाठी बसवलेलं समीकरण वापरलं. पुरुषांसाठी ते असं आहे, सगळी मापं सेंमीमध्ये :

```
D = 1.0324 - 0.19077*log10(waist - neck) + 0.15456*log10(height)
fat% = 495/D - 450
```

पहिल्या ओळीत शरीराची घनता येते. दुसरी ओळ त्या घनतेवरून टक्केवारी काढते, आणि ती चरबीची घनता ०.९, बाकी सगळ्याची १.१ असं धरून चालते. समीकरणात वजन कुठेच नाही, हे इथे फार उपयोगाचं आहे. बीएमआय सारखा आहे म्हणून उत्तर आपोआप सारखं येईल, ही शक्यताच उरत नाही.

सगळा भार कंबरेच्या मापावर असल्यामुळे तिथे घाई करून चालत नाही. पुरुषांत माप बेंबीच्या रेषेत घ्यायचं. पँट जिथे बसते तिथे नाही. टेप पाठीमागे खाली घसरते, म्हणून बाजूने कोणीतरी बघायला हवं. पहिल्यांदा माझं माप ९३ आलं. तो म्हणाला, "अरे, आधी श्वास सोड, पोट आत ओढून उभा आहेस तू." मला खरंच जाणवलं नव्हतं. सहज श्वास सोडल्यावर तीन वेळा मोजलं : ९५, ९५.५, ९५. मान कंठमण्याच्या लगेच खाली, ३८. त्याची कंबर ८६, मान ४०.

माझं गणित : ९५ वजा ३८ म्हणजे ५७. घनता १.०४२, चरबी २५ टक्के. ७६ किलोपैकी १९ किलो चरबी, ५७ किलो बाकी शरीर.

त्याचं गणित : ८६ वजा ४० म्हणजे ४६. घनता १.०६३, चरबी १५.७ टक्के. ८३.३ किलोपैकी १३ किलो चरबी, ७०.३ किलो बाकी शरीर.

म्हणजे माझ्यापेक्षा सात किलो जड असलेल्या माणसाच्या अंगावर माझ्यापेक्षा सहा किलो चरबी कमी. पण इथेच थांबलो तर तुलना कच्ची राहते, कारण उंच माणसाला चरबी आणि स्नायू दोन्ही वागवायला जास्त जागा असते. बीएमआय काढताना वजनाला ज्या उंचीच्या वर्गाने भागलं, त्यानेच या दोन तुकड्यांनाही भागायला हवं. चरबीच्या तुकड्याला एफएमआय म्हणतात, बाकीच्याला एफएफएमआय. व्हॅन इटली आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ही जोडी मांडली. मला ती आवडते कारण दोन्हींची बेरीज नेमकी बीएमआयइतकी येते :

```
me : 6.6 + 19.7 = 26.3
him: 4.1 + 22.2 = 26.3
```

बीएमआयला फक्त बेरीज दिसते. माझ्याकडे चरबीचे अडीच जास्त, त्याच्याकडे स्नायू-हाडं-पाण्याचे अडीच जास्त, आणि बेरजेत दोन्ही फिटून जातात.

आता शंका. टेपच्या पद्धतीत एखाद्या माणसाबाबत तीन-चार टक्क्यांची चूक सहज असू शकते. म्हणून आमच्या तुलनेला सर्वात वाईट बाजू धरून पाहिली : माझे साडेतीन टक्के कमी केले, त्याचे साडेतीन वाढवले. मी २१.५, तो १९.२. किलोमध्ये मी १६.३ आणि तो १६, म्हणजे फरक जवळजवळ संपला. एफएमआयमध्ये मात्र ५.७ विरुद्ध ५.० उरला. उंचीने भागण्याचा फायदा मला या एका ओळीत सर्वात जास्त दिसला.

कंबरेला उंचीने भागलं तर माझं ०.५६ येतं आणि त्याचं ०.४८, नेहमी धरल्या जाणाऱ्या ०.५ च्या मर्यादेच्या वर मी, खाली तो. पण हा वेगळा पुरावा म्हणून मी मोजत नाही, कारण तीच कंबर समीकरणातही बसलेली आहे. खरा दुसरा साक्षीदार हवा म्हणून कॅलिपर काढला : छाती, पोट आणि मांडी या तीन जागी चिमटीत धरलेल्या घडीची जाडी. माझी बेरीज ७२ मिमी, त्याची ४२. माझं वय ३८, त्याचं ३६. जॅक्सन-पोलॉकच्या तीन घड्यांच्या समीकरणात घातल्यावर मी २२.२ टक्के, तो १३.४. दोन्ही आकडे टेपपेक्षा दोन-तीन टक्के खाली आले, पण आमच्यातलं अंतर टेपने ९.३ दाखवलं होतं, कॅलिपरने ८.८. म्हणून नेमक्या टक्केवारीवर मी पैज लावणार नाही, अंतरावर लावेन. कॅलिपर फक्त कातडीखालची चरबी पकडतो, हेही लक्षात ठेवा. पोटाच्या आत, अवयवांभोवती बसलेली चरबी त्याच्या चिमटीत येत नाही. कंबरेच्या मापात मात्र ती ढोबळपणे मोजली जाते.

माझी बारा आठवड्यांपूर्वीची नोंद याच चष्म्यातून परत वाचली. तेव्हा वजन ७६.४, कंबर ९८, मान ३८. त्यावरून २६.९ टक्के, म्हणजे २०.६ किलो चरबी आणि ५५.८ किलो बाकी. बीएमआय २६.४ वरून २६.३ झाला, आणि हा आकडा पाहून मी मागच्या महिन्यात खचलो होतो. चरबी मात्र १.६ किलो उतरली आहे. कंबरेची एक सेंमी चूक माझ्या आकड्यात साधारण अर्ध्या किलो चरबीची चूक घडवते, त्यामुळे तीन सेंमीचा फरक टेपच्या डुलण्यातून आलेला नाही. बाकीच्या १.२ किलोला मी अजून स्नायू म्हणत नाही, कारण त्यात पाणी आणि साठवलेलं ग्लायकोजनही येतं.

त्याचा ४.१ चा एफएमआय माझ्या उंचीवर सुमारे ११.८ किलो चरबी होते. म्हणजे अजून सव्वासात किलो कमी करायची. बाकीचं शरीर ५७ वरच राहिलं तर वजन ६८.८ होईल आणि बीएमआय २३.८. त्याच्यासारखा २६.३ ठेवून तिथे पोचायचं तर तितकंच, सव्वासात किलोच्या आसपास, स्नायूंचं वजनही कमवावं लागेल, आणि ते काही महिन्यांत होणारं काम नाही. म्हणून सध्या चरबीच धरली आहे. पुढचं माप चार आठवड्यांनी, रविवारी सकाळी, उपाशीपोटी, आणि टेप पुन्हा त्याच्याच हातात.