मिथिल ऑरेंजने फसवलेलं व्हिनेगर

नागपुरात 'ऑरेंज' नाव असलेली कोणतीही गोष्ट वाईट असू शकत नाही अशी आपली एक श्रद्धा असते, पण गेल्या मार्चमध्ये माझ्या सेकंड इयरच्या प्रॅक्टिकलला ती जरा हलली. बाहेर ऊन तापलेलं, लॅबचे पंखे बंद (चालू ठेवले तर बर्नर विझतात, बंद केले तर पोरं), आणि कोपऱ्यातल्या टेबलावरून हाक आली, "मॅडम, रीडिंग जुळूनच नाही राहिलं!"

प्रयोग सोपा होता. दुकानातून आणलेलं पांढरं व्हिनेगर, बाटलीवर लिहिलेलं ४ टक्के, ते खरंच तेवढं आहे का ते काढायचं. १० मिली व्हिनेगर १०० मिलीपर्यंत डायल्यूट करायचं, त्यातलं २५ मिली पिपेटने फ्लास्कमध्ये घ्यायचं आणि ब्युरेटमधून ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सोडायचं. मुलीची तीन रीडिंग ३.९, ५.१ आणि ४.६ मिली. सीबीआर, म्हणजे परत परत तेच येणारं ब्युरेट रीडिंग, म्हणायचं तरी कशाला?

मला पहिला संशय पिपेटवर आला, मग ब्युरेटच्या टोकात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यावर, पण दोन्ही ठीक. मग फ्लास्क बघितला तर आतलं पाणी पिवळं. मागच्या आठवड्यात एचसीएलला मिथिल ऑरेंज हा रंग बदलणारा इंडिकेटर वापरलेला, तीच बाटली टेबलावर राहिली होती आणि तिने तीच उचलली. "मागच्या वेळी तर बरोबर आलं होतं ना, मग आता काऊन नाही?" हा तिचा प्रश्न, आणि प्रश्न एकदम रास्त होता.

मग सगळ्यांना फळ्याजवळ बोलावलं. एचसीएल स्ट्राँग, त्यामुळे एंडपॉइंटच्या आधीच्या ०.१ मिली आणि नंतरच्या ०.१ मिलीमध्ये पीएच साधारण ३.७ वरून थेट १०.३ वर उडी मारतो. मिथिल ऑरेंजचा रंग ३.१ ते ४.४ मध्ये बदलतो, म्हणजे त्या उडीतच तो पिवळा होतो, आणि फिनॉल्फ्थॅलिन ८.३ ते १० वालं, तेही उडीतच, म्हणून तिथे दोन्ही चालतात. ॲसेटिक ॲसिड वीक, त्याचा pKa ४.७४. त्यात अल्कली पडायला लागली की फ्लास्कमध्ये ॲसिड आणि ॲसिटेट दोन्ही असतात, म्हणजे बफर, आणि पीएच हळूहळू सरकत राहतो. पीएच ४.४ ला ॲसिटेट आणि ॲसिडचं गुणोत्तर किती?

१०^(४.४ − ४.७४) = ०.४६

म्हणजे जेमतेम ३१ टक्के ॲसिड संपलंय आणि मिथिल ऑरेंज पूर्ण पिवळं होऊन मोकळं! शिवाय लाल ते पिवळा हा बदल पहिल्या अर्ध्या मिलीपासून पाच मिलीपर्यंत ताणलेला, मग थांबायचं कुठे? ज्याच्या डोळ्याला जिथे पिवळं वाटेल तिथे. तिची रीडिंग जुळत नव्हती ती म्हणूनच, हात थरथरत होता म्हणून नाही. ४.६ धरून हिशेब केला तर व्हिनेगर १.१ टक्के निघतं, दुकानदारावर केसच करावी लागली असती.

फ्लास्क धुऊन फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकून परत केलं. १६.८, १६.७, १६.७. घ्या सीबीआर १६.७. हिशेब:

फ्लास्कमधलं ॲसिड = (०.१ × १६.७) ÷ २५ = ०.०६६८ मोलर
मूळ व्हिनेगर, दहापट = ०.६६८ मोलर
ग्रॅममध्ये = ०.६६८ × ६० = ४०.१ ग्रॅम प्रति लिटर, म्हणजे १०० मिलीत ४.०

मग एकाने विचारलं की एंडपॉइंटला पीएच ७ च असेल ना? नाही रे. तिथे फ्लास्कमध्ये नुसतं सोडियम ॲसिटेट उरलंय, १.६७ मिलीमोल, ४१.७ मिलीत, म्हणजे ०.०४ मोलर, आणि ॲसिटेट पाण्यातून थोडा प्रोटॉन ओढतं.

Kb = १०⁻¹⁴ ÷ (१.८ × १०⁻⁵) = ५.६ × १०⁻¹⁰
[OH⁻] = √(५.६ × १०⁻¹⁰ × ०.०४) = ४.७ × १०⁻⁶
pOH = ५.३, पीएच = ८.७

फिनॉल्फ्थॅलिनच्या पट्ट्यातच आलं बघा. १६.६ मिलीला पीएच ७ च्या आसपास, १६.८ ला १०.४, चार थेंबांत सगळा खेळ, त्यामुळे रंग एका थेंबात येतो.

सगळं आवरलं असं वाटलं तेवढ्यात मागच्या टेबलावरचा पोरगा म्हणे, "मॅडम, माझा गुलाबी उडून गेला, अजून टाकू?" हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला की तो रंग थोड्या वेळाने फिका पडतोच. तीस सेकंद टिकला की रीडिंग लिहायचं, परत थेंब टाकायचा नाही. त्याने तोवर टाकला होता, १७.३.