रंग सुटलेल्या टॉवेलांचं उत्तर

"परदेशातून माल खराब निघाल्याची मेल आली की तुम्ही उत्तर आधी मराठीत लिहिता आणि मग त्याचं इंग्रजी करता. थेट इंग्रजीतच का लिहीत नाही? आणि मराठीतली अदब इंग्रजीत उतरते का?"

मराठीत लिहिते, कारण माल कसा बिघडला हे ज्यांना ठाऊक असतं त्यांना तो मजकूर वाचता आला पाहिजे. सोलापुरातल्या टॉवेल कारखान्यांचा पत्रव्यवहार मी बघते. इथले कितीतरी मालक आणि कामगार घरी तेलुगू बोलतात आणि कारखान्यात मराठी. इंग्रजी मसुदा त्यांच्यासमोर ठेवला तर "चांगलं लिहिलंय" म्हणून सही होते. मराठी मसुद्यावर मात्र डाईंग मास्तर बोट ठेवून सांगतात, "हे असं झालेलं नाही."

एक प्रकरण सविस्तर सांगते. जर्मनीतल्या एका ग्राहकाला मरून रंगाचे, क्रीम बॉर्डरचे १२०० टॉवेल गेले होते, ६० नगांची एक अशी २० कार्टन. मेल आली ती चार ओळींची: पहिल्याच धुण्यात बॉर्डर गुलाबी झाली, माल विकता येत नाही, काय करणार ते कळवा. मालकांनी ती वाचली आणि लगेच म्हणाले, "लिहा, फार वाईट वाटलं, सांभाळून घ्या, पुन्हा असं होणार नाही."

यातलं एकही वाक्य मी त्या दिवशी पाठवलं नाही. पहिलं उत्तर त्याच दिवशी गेलं पाहिजे, पण त्यात कारण लिहायचं नाही, भरपाई कबूल करायची नाही आणि "आमच्या मालात असं होणं शक्यच नाही" हे तर मुळीच लिहायचं नाही. तक्रार मिळाली, आम्ही नेमकं काय समजलो आणि कोणत्या दिवशी पुढचं उत्तर देऊ, एवढं पुरतं. सोबत मागण्याही करायच्या: डाग पडलेल्या टॉवेलांचे फोटो, ते ज्या कार्टनमधले आहेत त्यांचे नंबर, धुताना पाण्याचं तापमान किती होतं आणि ब्लीच वापरलं होतं का, आणि खराब नगांपैकी काही कुरियरने. क्लोरीनचं ब्लीच वापरलं असेल तर रंग फिका पडतो, शेजारच्या बॉर्डरला लागत नाही. म्हणून हा प्रश्न विचारण्यात ग्राहकावर संशय नाही, दोष कुठला ते त्यातून कळतं. मात्र तो प्रश्न फोटोंच्या विनंतीनंतर आणि एकाच ओळीत विचारावा.

कार्टनचे नंबर आले, ११ ते १६. पॅकिंग लिस्टशी ताडून पाहिलं तर ही सहाही कार्टन एकाच डाईंग लॉटची, एकाच खेपेत रंगवलेल्या मालाची निघाली, म्हणजे ३६० टॉवेल. चांगल्या कारखान्यात प्रत्येक लॉटचे एक-दोन नग राखून ठेवलेले असतात. त्या लॉटचा नग ओला करून त्यावर पांढरं सुती कापड ठेवलं आणि गरम इस्त्री दाबली, तर कापडावर गुलाबी छाप उमटला. बाकीच्या लॉटच्या नगांनी कापड जवळजवळ पांढरंच ठेवलं. मग सगळे नग लॅबला गेले. आयएसओ १०५-सी०६ या धुण्याच्या चाचणीत शेजारच्या पांढऱ्या कापडावर पडलेल्या डागाला १ ते ५ गुण देतात. ५ म्हणजे डागच नाही. ऑर्डरमध्ये किमान ४ ची अट होती. बिघडलेल्या लॉटला २-३ मिळाले, बाकीच्यांना ४ किंवा त्याहून जास्त.

आता कारण. मालकांचं म्हणणं होतं, रंगच निकृष्ट मिळाला. मी मराठी मसुद्यात तसं लिहून मास्तरांना वाचायला दिलं. ते म्हणाले, "रंगाचा डबा तोच. बाकीचे लॉट त्यातूनच रंगलेत. त्या रात्री बॉयलरची वाफ पडली होती, सोपिंगचं पाणी तापलंच नाही." सुती टॉवेलला रिअ‍ॅक्टिव्ह रंग देतात. त्यातला बराचसा धाग्याशी पक्का जोडला जातो, पण काही भाग पाण्याशीच अभिक्रिया करून बसतो. हा दुसरा भाग धाग्यावर नुसता चिकटून राहतो आणि तो साबणाच्या जवळजवळ उकळत्या पाण्यात धुऊन काढावा लागतो. ९५ अंशांऐवजी पाणी ६० च्या आसपास राहिलं, तर तो टॉवेलातच राहतो आणि ग्राहकाच्या मशीनमध्ये सुटतो. मास्तरांनी हे सांगितलं नसतं तर रंगवाल्याला दोष देणारं, अगदी गुळगुळीत इंग्रजीतलं चुकीचं पत्र गेलं असतं.

दुसऱ्या पत्राचा मराठी मसुदा असा झाला: "११ ते १६ नंबरच्या कार्टनमधील ३६० टॉवेलांचा रंग सुटतो, हे आमच्या तपासणीतही दिसून आले. या लॉटची साबणाची धुलाई पुरेशा गरम पाण्यात झाली नाही. पाणी सुमारे ६० अंश होते, ते ९५ अंश असायला हवे होते. आपल्या विक्रीत यामुळे खंड पडला, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

इंग्रजी करताना "धुलाई झाली नाही" हे जसंच्या तसं ठेवायचं नाही. मराठीत ते सभ्य आणि नेहमीचं वाक्य आहे, त्यात कोणी लपत नाही. इंग्रजीत मात्र कर्ता नसला की वाचणाऱ्याला अंग काढून घेतल्यासारखं वाटतं. म्हणून तिथे "वुई डिड नॉट सोप धिस लॉट हॉट इनफ" असं सरळ लिहिलं. "इनकन्व्हिनियन्स कॉज्ड इज रिग्रेटेड" हे आपल्याकडचं लाडकं वाक्यही याच कारणासाठी बाद केलं. त्याऐवजी "वुई आर सॉरी" आणि पुढे नेमकं कशाबद्दल ते. एकदाच. मराठीत आपण आरंभी आणि शेवटी दोन्हीकडे दिलगिरी लिहितो, ते इथे शोभतं. तिकडे दुसऱ्यांदा लिहिलं की पहिलीचं वजन जातं. आणि "डू द नीडफुल" कधीही नको, भारताबाहेर ते अनेकांना कळतही नाही.

अदबीचं म्हणाल तर "आपण", "आपला", "कळवावे" यांतला मान इंग्रजी क्रियापदात मावत नाही. तो दुसरीकडे ठेवावा लागतो: ग्राहकाचा वेळ वाचवण्यात आणि निवड त्याच्या हाती देण्यात. म्हणून "काय ते आपणच ठरवावे" असं मोघम न लिहिता दोन पर्याय दिले. ३६० नग नव्याने विमानाने पाठवू, निघण्याची तारीख ही. किंवा तेवढ्या नगांची रक्कम बिलातून वजा करू. खराब माल परत मागवला नाही, कारण परतीचं भाडं आणि कस्टमचे सोपस्कार टॉवेलांच्या किमतीपेक्षा महाग पडले असते. उरलेल्या १४ कार्टनचा लॅब रिपोर्ट जोडला आणि ती विकायला हरकत नाही असं स्पष्ट लिहिलं, नाहीतर त्यांनी सगळाच माल अडवून ठेवला असता.

रक्कम वजा करण्याचा पर्याय लिहिण्याआधी मालकांना बँकेत विचारून यायला सांगितलं. निर्यातीचं येणं बँकेच्या नोंदीत असतं. ते कमी करायचं तर बँकेची रीत पाळावी लागते.

ग्राहकाने नवा माल मागितला आणि त्याचा चाचणी अहवाल आधी मागवला. तो आम्ही नव्या लॉटमधून, पॅक झालेल्या कार्टनमधलेच नग काढून करून घेतला आणि त्यावर कार्टनचे नंबर घातले.