तुम्ही विचारलंत म्हणून: कंट्रोलरची पेटी तापते, आकडा का हलत नाही?

"भाऊ, मे महिन्यात ही पेटी हात लावू देत नाही, जानेवारीत बर्फासारखी गार पडते. तरी तुमचा आकडा जिथल्या तिथं. आत असा कोणता पार्ट बसवता, की ज्याला ऊन-थंडी लागतच नाही?"

असा कोणताही पार्ट नाही. निदान मला परवडेल असा तरी नाही. आत दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही तापमानाने बदलतात. एक उतरते, एक चढते, आणि आपण फक्त त्यांची बेरीज बाहेर काढतो.

सावदा-रावेर पट्ट्यातल्या केळी पिकवणाऱ्या चेंबर्ससाठी मी तापमानाचे कंट्रोलर बनवतो, म्हणून हा प्रश्न मला चेंबरच्या दारात उभं राहूनच विचारला जातो. आत १८ अंश, आणि पेटी बाहेरच्या भिंतीवर पश्चिमेच्या उन्हात. चेंबरमधला सेन्सर प्रत्येक अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे १८ अंशाला १८० मिलिव्होल्ट. पण ते १८० मोजायचे कशाने? पेटीत एक ठरलेलं व्होल्टेज लागतं, ज्याच्याशी ते ताडून बघता येईल. दुकानातलं माप जसं, तसंच. माप उन्हात लांबलं, तर कापड बरोबर असूनही कमी भरणार.

आता ट्रान्झिस्टर घ्या, साधा सिलिकॉनचा. कलेक्टर बेसला जोडला आणि त्यातून १०० मायक्रोअँपिअर सोडले, की बेस आणि एमिटरमध्ये साधारण ६५० मिलिव्होल्ट दिसतात. हा आकडा दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घसरतो, कारण सिलिकॉन गरम झालं की तेवढाच करंट कमी रेट्यात वाहतो. नवशिक्या पोरांना मी बोटाच्या चिमटीत ट्रान्झिस्टर धरून मीटर बघायला सांगतो. आकडा डोळ्यांदेखत उतरतो.

चढणारी गोष्ट जरा लपलेली आहे. तसाच दुसरा ट्रान्झिस्टर घ्यायचा आणि त्यातून दहावा हिस्सा, म्हणजे १० मायक्रोअँपिअर सोडायचे. त्याचं व्होल्टेज पहिल्यापेक्षा थोडं कमी भरतं. दोघंही तापल्यावर उतरतात, पण कमी करंटवाला जरा जास्त वेगाने उतरतो, म्हणून दोघांमधलं अंतर वाढत जातं. त्या अंतराचं सूत्र असं:

```
ΔV = (kT/q) × ln(10)
```

यात `T` म्हणजे केल्विनमधलं तापमान. `k` आणि `q` हे निसर्गाचे ठरलेले आकडे. ट्रान्झिस्टर कोणत्या कंपनीचा, केवढा मोठा, यातलं काही सूत्रात नाही. दोन्ही सारखे असले आणि करंटचं प्रमाण दहास एक असलं, की झालं. २७ अंशाला, म्हणजे ३०० केल्विनला, हे अंतर ५९.५ मिलिव्होल्ट येतं आणि दर अंशाला ०.१९८ मिलिव्होल्टने वाढतं.

एक दर अंशाला २ ने उतरतो, दुसरा जेमतेम ०.२ ने चढतो. नुसती बेरीज केली तर उतरणाराच जिंकणार. जोडीतला एक बैल कमजोर असला, तर जुवाची लांब बाजू त्याच्याकडे देतात, म्हणजे ओढ बरोबरीला येते. इथं ती लांब बाजू रेझिस्टरची असते. अंतराला १०.०८ ने गुणलं, की त्याची चढण दर अंशाला बरोबर २ मिलिव्होल्ट होते.

माझ्या पहिल्या बोर्डवर पहिल्या ट्रान्झिस्टरला ६ किलोओहम होता, दुसऱ्याला ६० किलोओहम, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर आणखी एक ५.९५ किलोओहमचा. ऑप-अँप दोन्ही फांद्यांचे मधले बिंदू एका पातळीवर धरून ठेवतो, त्यामुळे ते ५९.५ मिलिव्होल्टचं अंतर पूर्ण त्या ५.९५ किलोओहमवर पडतं. त्यातून जो करंट वाहतो, तोच ६० किलोओहममधूनही वाहतो, आणि गुणाकार आपोआप होतो. ६० भागिले ५.९५ म्हणजे जवळपास १०.०८.

आता हिशोब मांडू. जानेवारीची पहाट, पेटीत १० अंश: ट्रान्झिस्टर ६८४ मिलिव्होल्ट, गुणलेलं अंतर ५६६. नेहमीचे २७ अंश: ६५० आणि ६००. मे महिना, पेटीत ४७: ६१० आणि ६४०. तिन्ही बेरजा १२५०. मी २ चा उतार गोल धरलाय म्हणून बेरीज इतकी चोख येते. प्रत्यक्षात थोडा फरक राहतो, त्याकडे शेवटी येतो.

हे १.२५ व्होल्ट एलएम ३१७ रेग्युलेटर लावणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं, पण तेच का, हे फार कमी जण विचारतात. गुणलेलं अंतर केल्विनच्या प्रमाणात असतं, म्हणजे शून्य केल्विनला ते शून्य. तिथं सगळी बेरीज एकट्या ट्रान्झिस्टरची. आणि ट्रान्झिस्टरची उतरती रेघ मागे शून्य केल्विनपर्यंत ओढत नेली, तर ती १.२ व्होल्टच्या आसपास पोचते. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्याच जवळचा हा आकडा. त्या ऊर्जेच्या फटीला बँडगॅप म्हणतात, म्हणून या सर्किटचं नाव बँडगॅप रेफरन्स. म्हणजे १.२५ कोणी ठरवलेलं नाही, ते मातीतूनच आलंय. ही युक्ती हिल्बिबर यांनी १९६४ मध्ये मांडली, विडलर यांनी १९७१ मध्ये चिपमध्ये वापरण्याजोगी केली, आणि ब्रोकॉ यांची १९७४ ची मांडणी आजही चालते.

कागदावर हे जेवढं सरळ दिसतं, तेवढं पहिल्या बोर्डवर चाललं नाही. दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर एकाच पट्टीतून कापून घेतले, म्हटलं सारखे असतील. होतेही. पण बोर्डवर ते चार बोटं अंतरावर बसले, आणि कमी करंटवाला नेमका तापणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरच्या शेजारी. सुरू केल्यावर १.२५० दाखवलं. मी चहा पिऊन आलो तर १.२६५, अर्ध्या तासाने १.२८०. पंख्याची हवा लागली की खाली, बंद केला की वर. आधी मला ऑप-अँपचा संशय आला, मग रेझिस्टरचा. दोन्ही बदलून झाले. शेवटी कंटाळून बोट लावलं, तर एक ट्रान्झिस्टर कोमट, एक गार.

झालं असं होतं, की सूत्रातला `T` एकच आहे आणि माझ्या बोर्डवर दोन होते. दुसरा ट्रान्झिस्टर एका अंशाने जास्त तापला, की त्याचं व्होल्टेज २ मिलिव्होल्टने उतरतं. ते थेट अंतरात भर घालतं, आणि अंतराला तर आपण दहाने गुणतोय. एका अंशाच्या फरकाला बाहेर २० मिलिव्होल्टची चूक! माझी ३० होती, म्हणजे दीड अंशाचा फरक. त्या चुकीने चेंबर १८ अंशावर असताना पेटी १७.६ दाखवत होती. कॉम्प्रेसर लवकर बंद, आत ऊब, आणि मालाचा रंग लवकर फिरला. मालकाने बरंच ऐकवलं, आणि त्याचं बरोबर होतं.

दोन्ही ट्रान्झिस्टरच्या सपाट बाजू एकमेकांना भिडवल्या, मध्ये थर्मल पेस्ट, वरून श्रिंक स्लीव्ह आवळली आणि जोडी रेग्युलेटरपासून लांब नेली. आकडा बसला. पुढे एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर पाच ट्रान्झिस्टर असलेली चिप वापरली, आणि आता सरळ तयार आयसी घेतो. तयार आयसीतही हीच काळजी घेतलेली असते. बऱ्याच ठिकाणी करंटऐवजी ट्रान्झिस्टरची संख्या आठास एक ठेवतात आणि मांडताना मध्ये एक, भोवती आठ बसवतात. चिपच्या एका कडेकडून ऊब आली, तरी आठांची सरासरी मधल्याएवढीच राहते.

दुसरी खोड कळायला मला वर्ष लागलं. ऑप-अँपमध्ये स्वतःची एक-दोन मिलिव्होल्टची चूक असते आणि तीही अकरापट होऊन बाहेर येते. २ मिलिव्होल्ट चुकले, की बाहेर २२. मी ५.९५ च्या जागी ५.६ किलोओहम आणि १ किलोओहमचा प्रीसेट लावून, प्रीसेट फिरवून १.२५० जुळवायचो आणि खूश व्हायचो. पण ऑप-अँपची चूक तापमानाने जवळपास हलत नाही, आणि प्रीसेट फिरवल्यावर कमी होतो तो चढणारा हिस्सा. २२ मिलिव्होल्ट त्यातून काढले, की दर अंशाला ०.०७३ ची चढण गेली. १० ते ४७ अंशांत आकडा २.७ मिलिव्होल्टने घसरणार. एकाच तापमानाला जुळवलेला बोर्ड त्या तापमानापुरताच बरोबर असतो.

म्हणून मी आता दोनदा मोजतो. एकदा बोर्ड फ्रिजमध्ये, एकदा बल्ब लावलेल्या थर्माकोलच्या खोक्यात, दोन्ही वेळा अर्धा तास तसाच ठेवून. गरम असताना आकडा जास्त आला, तर प्रीसेटने ५.९५ वाला रेझिस्टर थोडा वाढवायचा, कमी आला तर घटवायचा. शेवटी बाहेर १.२५० च्या जागी १.२६२ आलं तरी चालतं. ती चूक प्रोग्राममध्ये एका गुणाकाराने निघते, उतार निघत नाही. आणि मीटर मात्र सावलीत, लांब वायरी जोडून. त्याच्या पोटातही रेफरन्सच असतो. उन्हात धरलेल्या मीटरने रेफरन्स तपासणारे लोक मी पाहिलेत.

आता तो राहिलेला फरक. ट्रान्झिस्टरची उतरती रेघ अगदी सरळ नसते, किंचित वाकलेली असते, आणि सरळ चढण लावून वाकलेली उतरण पूर्ण भरून निघत नाही. मधल्या तापमानाला बेरीज सर्वांत जास्त येते आणि दोन्ही टोकांना थोडी झुकते. उणे ४० ते १२५ अंशांपर्यंत गेलं, तर हा बाक २ मिलिव्होल्टच्या आसपास जातो, आणि तो काढायला आत आणखी कारागिरी करावी लागते. आपल्या १० ते ४७ अंशांत तो पाव मिलिव्होल्टही भरत नाही. केळीच्या चेंबरला १८ अंशावर त्याने अंशाचा शंभरावा भागसुद्धा हलत नाही.