आमची वाटचाल: जुन्या माणसाचा पगार

हिंगणा एमआयडीसीत आमचं सीएनसी मशीनिंगचं छोटं युनिट आहे. ऑर्डरी वाढल्या तसे नवे ऑपरेटर घेतले आणि बाजारभावाने त्यांना 19,000 द्यावे लागले. आमचा सर्वांत जुना सेटर, म्हणजे जॉबसाठी मशीन लावून देणारा माणूस, 13,000 वर लागला होता. दरवर्षी पाच टक्के वाढ मिळून नऊ वर्षांत तो 20,200 च्या आसपास पोहोचला. आमची वाढ टक्क्याने होत होती, पण बाहेरचा दर त्याहून जोरात चढत होता. त्यामुळे नऊ वर्षांच्या कामाचा फरक उरला जेमतेम बाराशे.

त्यानेच विषय काढला, तोही दिवाळीच्या धांदलीत नाही, तर वार्षिक वाढ ठरायच्या आधी. म्हणाला, "भाऊ, त्या पोराचा पगार कमी करा असं मी म्हणत नाही. उद्या मी नसलो तर माझ्या जागी सेटर कितीला येईल, तेवढं बघा." सोबत वही होती. कोणत्या जॉबचं सेटिंग तो एकटा करतो, पहिला पीस कोण पास करतो, कोणत्या नव्या पोराला त्याने ऑफसेट शिकवले, सगळं लिहिलेलं. दुसऱ्याच्या पगाराशी तुलना केली असती तर वाद झाला असता. त्याने कामाचा हिशेब मांडला, म्हणून मलाही आकड्यांनीच उत्तर द्यावं लागलं.

मग सगळ्यांचा तक्ता केला: काम, वर्षं, पगार. ठरवलं की सेटरचा पगार नव्या ऑपरेटरच्या सुरुवातीपेक्षा किमान वीस टक्के जास्त हवा, म्हणजे 22,800. वाढ 2,600 ची. ती सगळी मूळ पगारात दिली, कारण भत्त्यात दिलेल्या पैशाचा ग्रॅच्युइटीला उपयोग झाला नसता. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर, दर वर्षाला पंधरा दिवस अशी मोजतात. त्यामुळे मागच्या नऊ वर्षांचीही देणी 13,500 नी वाढली. मालकाने हा आकडा आधीच धरावा.

खरी अडचण ईएसआयची, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेची होती. तेव्हा तिची पगाराची मर्यादा 21,000 होती आणि त्याच्या घरच्यांचे उपचार तिथेच चालू होते. 1 एप्रिलपासून वाढ दिली असती तर त्याची वर्गणी तेव्हाच थांबली असती. पण एप्रिल ते सप्टेंबरची सहामाही सुरू झाल्यावर पगार मर्यादेपुढे गेला तर ती संपेपर्यंत माणूस योजनेत राहतो. म्हणून वाढ मेपासून दिली आणि सप्टेंबर संपायच्या आत ग्रुप मेडिक्लेम घेतला.

सगळ्यांना सारखं दिलं नाही. एक जुना ऑपरेटर अजून तेच काम करतो, त्याला कमी मिळालं. ते त्याला आवडलं नाही, पण सेटिंग शिकला की तोही त्या रांगेत येईल, हे समोर बसवून सांगितलं.

यंदा नव्या ऑपरेटरची सुरुवात 20,000 करावी लागली. त्याच महिन्यात सेटरचा किमान पगार 24,000 केला.