जाखडीच्या सदऱ्याची तिसरी आवृत्ती: काखेतील शिवण आणि चौबगला

गणपतीत आमच्या गुहागरजवळच्या वाडीत जाखडी नाचणाऱ्या आठ जणांसाठी मी सदरे शिवत आहे. भाद्रपदातील दमट हवेत घामाने भिजलेला सुती सदरा अंगाला चिकटतो, सरकत नाही, आणि हात वर जाताच सगळा ताण काखेच्या एकाच बिंदूवर येतो.

पहिल्या आवृत्तीत शिवण तिथेच उसवली. उसवलेली जागा नीट पाहिली, तर कारण कळते. त्या सदऱ्यात दोरा शाबूत होता, पण शिवणीलगतचे कापड विरून सुटले होते. म्हणजे दोष शिवणीचा नव्हता, कापड अपुरे पडत होते. म्हणून दुसऱ्या आवृत्तीत काखेत चारी बाजूंनी ताणणाऱ्या लायक्राचा चौकोनी तुकडा, म्हणजे चौबगला, घातला. काखेखाली सदऱ्याच्या बाजूची आणि बाहीची शिवण प्रत्येकी १० सेंटीमीटर उघडी ठेवली आणि शिवणीसाठी चारही बाजूंनी १.५ सेंटीमीटर माया धरून १३ सेंटीमीटरचा चौकोन कापला. बाजूकडून बाहीकडे जाणाऱ्या कर्णाच्या दिशेने कापड सर्वाधिक ताणावे, म्हणून चौकोन तिरका कापला. या वेळी मात्र उलटे झाले: कापड धड राहिले आणि दोरा तुटला. मुंढ्याजवळ सुती कापडही तिरकेच कापलेले असते, त्यामुळे ते लायक्राबरोबर थोडे ताणते. सरळ टाका तितका ताणत नाही.

तिसऱ्या आवृत्तीत साधारण १ मिलिमीटर रुंद व २.५ मिलिमीटर लांब असा अरुंद झिगझॅग टाका घेतला, सुती दोऱ्याऐवजी पॉलिस्टर दोरा वापरला आणि लायक्राचे धागे तुटू नयेत म्हणून बोथट टोकाची सुई लावली. सर्वांत नाजूक जागा म्हणजे चौबगल्याचे चार कोपरे. तिथे टाका मायेच्या आत न नेता नेमका कोपऱ्यावर थांबवला, मागे-पुढे दोन-तीन टाके घेतले आणि आतून अस्तराचा छोटा तुकडा लावला.

छातीवरची टिच बटणे वाकताना सुटत होती, म्हणून बंद डाव्या खांद्यावर नेला आणि पट्टीत बकरम घालून हुक लावले. हुक पितळीच घ्यावेत, कारण लोखंडी हुकांना घामाने गंज चढतो आणि त्याचे डाग पांढऱ्या सदऱ्यावरून सहजासहजी जात नाहीत.

परवा सदरा पाण्यात भिजवून, पिळून एका नाचणाऱ्याला घालायला दिला आणि चाळ बांधून त्याच्याकडून वीस मिनिटे फेर धरवला. एकही टाका तुटला नाही, फक्त उजव्या काखेतील मागचा कोपरा किंचित ओढल्यासारखा दिसतो. त्या बाजूचा चौकोन मी कापताना कमी तिरका धरला होता. उरलेले सात सदरे कापण्यापूर्वी त्यासाठी पुठ्ठ्याचा साचा करणार आहे.